चौथा खांदा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात राज्यशास्त्राच्या परिसंवादाचा वृत्तांत वाचला. ‘एका श्रोत्याने वैयक्तिक अनुभव सांगितला’ असं एक वाक्य त्यात आहे. तो श्रोता मी. प्राध्यापकांना दोन रकाने, मला अर्धी ओळ. असो.

प्राध्यापकांचं म्हणणं, १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा हा पाश्चात्त्यांनी स्वतःच्या मापाने शिवलेला सदरा, तो इतरांच्या अंगात कोंबू नये. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही १९४७ साली संयुक्त राष्ट्रांना असंच बजावलं होतं. ते खरं आहे, आणि गोऱ्यांचं राज्य सोसलेल्या देशात पटतंही. पण त्या सदऱ्याला आपल्याकडचाही टाका आहे. पहिल्या कलमात ‘ऑल मेन’च्या जागी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आलं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांच्या आग्रहाने. त्यांचं नाव ना भाषणात, ना तुमच्या वृत्तांतात.

आता ती अर्धी ओळ. १९७४ साली गावकीने लावलेला दंड वडिलांनी भरला नाही म्हणून आमचं घर वाळीत पडलं. आई विहिरीवर असेपर्यंत बाकीच्या बायका लांब थांबायच्या. गिरणीवाला दळण घेईना. त्याच पावसाळ्यात आजोबा गेले. वडील, काका आणि मी, चौथा खांदा मिळेना. शेवटी मुक्कामी एसटीचा कंडक्टर पुढे झाला. त्याला आमची जातही ठाऊक नव्हती.

वडील पेणला वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबईचा १९४९ चा कायदा होता, पण सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो रद्द केला. खटला दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंचा होता. माणसाला पंथाबाहेर काढणं हा पंथाच्या धार्मिक कारभाराचा भाग, असा निकाल बहुमताने लागला; सरन्यायाधीश सिन्हा तेवढे विरोधात. आमच्या गावकीचा धर्माशी काय संबंध, असं वडिलांनी विचारलं. संबंध नव्हताच, पण कायदाही उरला नव्हता. नवा कायदा व्हायला २०१६ साल उजाडलं. तोवर वडील गेले होते.

म्हणून मी प्राध्यापकांना विचारलं, की परंपरा फक्त गावकीची का? वडील गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. त्या वर्षी पखवाज खुंटीलाच होता. त्या गावची संस्कृती कोणाची धरायची, दंड लावणाऱ्या पाचांची की त्यांची? शिवाय ‘प्रत्येक संस्कृतीला मान द्या’ हा तुमचा नियम तरी एका संस्कृतीपुरता आहे, की सगळ्या जगाला लागू? त्यावर अध्यक्ष म्हणाले, “वेळ संपली. जेवणाची सोय वरच्या मजल्यावर आहे.”

जाता जाता, गेला महिनाभर आमच्याकडे आपला अंक साडेनऊनंतर पडतो. दोनदा कळवून झालं.

आपला,
अर्ध्या ओळीतला श्रोता, पेण