एकच पावती नको

संपादक महोदय,

व्याजदर उतरणार म्हणून सोयाबीनचे ५ लाख मी ५ वर्षांसाठी ७ टक्क्यांनी एकाच पावतीवर ठेवले. दर खरंच उतरले. पण चौदाव्या महिन्यात बोअर आटला, दीड लाख लागले आणि अख्खी पावती मोडली. बँकेने ठेवीच्या दिवशीचा १ वर्षाचा ६.५ टक्के दर धरला, वर १ टक्का दंड. हाती साडेपाच टक्केच. उरलेले साडेतीन लाख मात्र आता उतरलेल्या दराने ठेवावे लागले, ते जास्त टोचतं. लाखाच्या ५ पावत्या असत्या तर दोनच मोडल्या असत्या. ५ वर्षांचा दर तीन पावत्यांना तरी टिकला असता. आमच्याकडे पाण्याचा भरवसा नाही. पावती करतानाच मोडण्याचा नियम विचारा.

– एक शेतकरी, परभणी