पाऊस तेवढाच, टक्केवारी मात्र वाढली: डॅशबोर्डच्या तळटिपेबद्दल मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विभागाच्या पर्जन्यमान डॅशबोर्डवर अगदी तळाशी, 'शेवटचे अद्ययावत' या वेळेच्या शेजारी, राखाडी रंगात आणि बारीक अक्षरांत एक ओळ आली आहे: 'टीप: दि. २० सप्टेंबरच्या रिफ्रेशपासून टक्केवारी सुधारित सरासरीनुसार दर्शविली आहे.' मोबाइलवर नकाशा, तक्ता आणि आलेख असे सगळे ओलांडून खाली गेल्याशिवाय ती दिसत नाही. कोणती सरासरी सुधारली, कोणत्या वर्षांची घेतली, का घेतली, कोणाच्या आदेशाने घेतली, यातले काहीही तिथे लिहिलेले नाही. त्या एका ओळीने आमच्या तालुक्यातली मंडळे एका रात्रीत ७५ टक्क्यांच्या वर नेऊन ठेवली. निकषात बसणारे एकही मंडळ सुटणार नाही, असा शब्द आपण ऑगस्टच्या दौऱ्यात दिला होता. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

७५ या आकड्याचे वजन आपल्याला ठाऊक आहे. २०२३ च्या खरिपात शासनाने आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यानंतर उरलेल्या तालुक्यांतल्या १,०२१ महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. त्यांच्यासाठी कसोटी होती ती जून ते सप्टेंबरमध्ये सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मि.मी.पेक्षा कमी पाऊस. जे मंडळ त्या रेषेच्या खाली राहिले, त्याला जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांची परीक्षा फी माफ आणि गरज असेल तिथे टँकर मिळाला. रेषेच्या वर राहिलेल्याला यातले काही मिळाले नाही. या रेषेजवळ अर्धा टक्कासुद्धा एखाद्या कुटुंबाचे वर्ष ठरवतो.

आता एका मंडळाचा हिशेब मांडतो. टक्केवारीचे सूत्र शाळेतल्या मुलालाही येते: पडलेला पाऊस भागिले सरासरी पाऊस, गुणिले १००. अडचण अशी की डॅशबोर्ड वरचा आकडा दाखवतो आणि टक्केवारी दाखवतो, पण ज्याने भागले तो आकडा कुठेच दाखवत नाही. तो उलट्या गणिताने काढावा लागतो. १९ सप्टेंबरला या मंडळात १ जूनपासूनचा पाऊस होता ३९१ मि.मी. आणि टक्केवारी ७३.६. म्हणजे त्या तारखेपर्यंतची सरासरी ५३१ मि.मी. धरली होती. २० सप्टेंबरला मंडळात थेंबही पडला नाही. पाऊस ३९१ मि.मी.वरच थांबलेला, आणि टक्केवारी मात्र ७६.४. म्हणजे सरासरी झाली ५१२ मि.मी.

इथेच चोरी सापडते, आणि ती पकडायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. १ जूनपासूनची सरासरी रोज चढतच जाते, कारण त्या दिवसाचा सरासरी पाऊस तिच्यात मिळत जातो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात आमच्याकडे ती दिवसाला साधारण चार-पाच मि.मी.ने वाढते. ती एखाद्या दिवशी जागेवर राहू शकेल, पण खाली कधीही येऊ शकत नाही. आमच्या मंडळात ती एका दिवसात १९ मि.मी.ने खाली आली. टक्केवारी एका दशांश स्थळापर्यंत दिल्यामुळे पडणारा फरक इथे अर्ध्या मि.मी.लाही पुरत नाही, त्यामुळे 'राउंडिंगमुळे झाले असेल' हे उत्तर कृपया कोणी देऊ नये. कोरड्या दिवशी टक्केवारी घसरायला हवी. जुनी पद्धत चालू राहिली असती तर २० तारखेला सरासरी ५३६ झाली असती आणि टक्केवारी ७२.९ दिसली असती.

हंगाम संपला तेव्हा या मंडळात एकूण पाऊस होता ४२९ मि.मी. जुन्या सरासरीने, म्हणजे ५८१ मि.मी.ने भागले तर ७३.८ टक्के. नव्या ५५७ मि.मी.ने भागले तर ७७.० टक्के. एका हिशेबाने मंडळ निकषात बसते, दुसऱ्या हिशेबाने बसत नाही. शेतात पडलेले पाणी तेच, वाळलेले सोयाबीन तेच, विहिरीचा तळही तोच. तहसील कार्यालयात हा कागद घेऊन गेलेल्या शेतकऱ्यांना 'सिस्टिममध्ये ७७ दिसते, आमच्या हातात काही नाही' असे सांगून परत पाठवले. तिथल्या कारकुनाचाही दोष नाही, कारण त्याला तळाशी टीप आली आहे हेच माहीत नव्हते. ती आली असे त्याला कोणी कळवलेच नव्हते.

महोदय, सरासरी बदलण्याला आमचा विरोध नाही, हे स्पष्ट करतो. हवामानाची सरासरी दर दहा वर्षांनी नव्याने काढावी ही जगभरची रीत आहे. भारतीय हवामान विभागाने २०२२ मध्ये नैऋत्य मोसमी पावसाची देशाची सरासरी १९६१-२०१० या काळावरून १९७१-२०२० या काळावर नेली. ८८०.६ मि.मी.ची ८६८.६ मि.मी. झाली. बारा मि.मी.चा फरक, तोही अख्ख्या देशाचा, आणि तरी तो एप्रिलमध्ये, हंगामाच्या आधी, पहिल्या अंदाजासोबत जाहीरपणे सांगितला. जुनी वर्षे कोणती, नवी कोणती, आकडा का घटला, हे सगळे कळले. सरासरी बदलायची रीत ही आहे. आपल्या डॅशबोर्डने ती हंगाम संपायला अकरा दिवस उरले असताना बदलली, आणि तीसुद्धा निकषाचा आकडा त्याच अकरा दिवसांत पक्का होणार होता तेव्हा.

शिवाय ही नवी सरासरी आली कुठून, हा प्रश्न उरतोच. मंडळांतली बहुतेक स्वयंचलित हवामान केंद्रे 'महावेध' प्रकल्पातली, म्हणजे गेल्या दशकातली आहेत. त्यांच्याकडे तीस किंवा पन्नास वर्षांची स्वतःची नोंद असूच शकत नाही. म्हणजे मंडळाला लावलेली सरासरी एक तर तालुक्याच्या जुन्या पर्जन्यमापकाची असणार, नाही तर आजूबाजूच्या केंद्रांवरून अंदाजाने काढलेली असणार. तिसरी शक्यता सर्वांत घातक आहे: केंद्राच्या स्वतःच्या सात-आठ वर्षांच्या नोंदीलाच सरासरी म्हटले असणार. तसे असेल तर त्या थोड्या वर्षांतला एखादा दुष्काळ सरासरी खाली ओढतो, आणि पुढच्या दुष्काळात तीच खालची सरासरी शेतकऱ्याच्या विरोधात उभी राहते. जितका जास्त दुष्काळ सोसला, तितकी पुढची तूट कागदावर लहान. टीप लिहिणाऱ्याने 'सुधारित' या शब्दाऐवजी वर्षे लिहिली असती तर ही शंका दोन मिनिटांत मिटली असती.

दुसरे नुकसान गतवर्षाशी होणाऱ्या तुलनेत आहे. नवी पद्धत २० सप्टेंबरपासून पुढेच लागू झाली. त्याआधीचे दिवस आणि आधीची वर्षे जुन्याच हिशेबाने राहिली. याच मंडळात गेल्या वर्षी हंगामात ४२५ मि.मी. पाऊस झाला होता आणि डॅशबोर्डवर तो ७३.१ टक्के म्हणून नोंदलेला आहे. यंदा ४२९ मि.मी., ७७.० टक्के. त्यामुळे वरच्या हिरव्या चौकटीत 'गतवर्षापेक्षा ३.९ अंकांनी वाढ' असे झळकते. खरी वाढ चार मि.मी.ची, एकाच मापाने मोजली तर ०.७ अंकांची. उरलेली सगळी वाढ भाजकाची आहे, ढगांची नाही. आलेखातही १९ आणि २० तारखेच्या मधे रेघ सलग काढली आहे, जणू त्या रात्री जोराचा पाऊस झाला. हीच चौकट जिल्ह्याच्या आढावा बैठकीत पडद्यावर दाखवली जाते. तिथे बसलेला कोणीही पानाच्या तळापर्यंत जात नाही, कारण पडद्यावर पानाचा तळ दिसतच नाही.

आणि हा आजार एका डॅशबोर्डचा नाही. पाणीपुरवठा असो, पीकविमा असो, रोजगार हमी असो, सगळीकडे आकडा वर मोठ्या अक्षरांत आणि त्याची अट खाली बारीक अक्षरांत. आकडा बदलला की श्रेय घेणारे पुढे येतात. पद्धत बदलली की सही करणारा सापडत नाही. शेतकऱ्याने सातबाऱ्यावरच्या नोंदीत बदल मागितला तर त्याला अर्ज, नोटीस, हरकतीची मुदत आणि फेरफार क्रमांक लागतो. त्याच शेतकऱ्याचा दुष्काळ मोजण्याची पद्धत बदलायला या यंत्रणेला ना नोटीस लागते, ना हरकत, ना क्रमांक. दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर घेतलेल्या माणसाला हा अन्याय समजावून सांगताना आमच्याकडे शब्द उरत नाहीत.

आमच्या मागण्या खर्चिक नाहीत. २० सप्टेंबरच्या बदलाचा आदेश, त्यावरच्या सहीसह, डॅशबोर्डवर ठेवावा. यंदाच्या हंगामाची टक्केवारी १ जूनला जी सरासरी लागू होती तिच्यावरच काढून निकष लावावा. नवी सरासरी योग्य असेल तर ती पुढच्या १ जूनपासून सुरू करावी आणि तोवर दोन्ही टक्केवाऱ्या शेजारी शेजारी दाखवाव्यात. तक्त्यात आणि डाउनलोड होणाऱ्या फाइलमध्ये 'सरासरी पाऊस, मि.मी.' आणि 'सरासरीचा कालावधी' असे दोन रकाने वाढवावेत, म्हणजे कोणालाही उलटे गणित करावे लागणार नाही. आलेखात पद्धत बदलली त्या तारखेला रेघ तोडावी आणि उभी खूण करावी. गतवर्षाची तुलना दोन्ही वर्षे एकाच सरासरीवर आणूनच दाखवावी, ते जमेपर्यंत ती हिरवी चौकट काढून टाकावी.

आणि टीप कशी असावी, तेही लिहून देतो, म्हणजे शब्द सुचले नाहीत अशी अडचण राहू नये: '२० सप्टेंबर, सकाळी १० च्या रिफ्रेशपासून टक्केवारीचा भाजक बदलला आहे. आधी: तालुका पर्जन्यमापकाची सरासरी, कालावधी अमुक ते अमुक. आता: अमुक केंद्राची सरासरी, कालावधी अमुक ते अमुक. या मंडळात हंगामाची सरासरी ५८१ वरून ५५७ मि.मी. झाली, त्यामुळे ४२९ मि.मी. पाऊस ७३.८ ऐवजी ७७.० टक्के दिसतो. १९ सप्टेंबर व त्याआधीचे आकडे जुन्या पद्धतीचे आहेत, त्यांची नव्या आकड्यांशी तुलना करू नये. आदेश क्रमांक व संपर्क अधिकारी: अमुक.' ही टीप टक्केवारीच्या आकड्याला चिकटून, त्याच आकाराच्या अक्षरांत असावी, आणि पुढच्या रिफ्रेशमध्ये पुसली जाऊ नये. जुन्या सर्व टिपा तारखेनुसार एका पानावर कायम राहाव्यात.

मंडळांची यादी अंतिम होण्याआधी १९ आणि २० सप्टेंबरचे आकडे आपण स्वतः उघडून पाहावेत. जिथे थेंब न पडता टक्केवारी चढली आहे, ते प्रत्येक मंडळ फेरतपासणीला घ्यावे. आमच्या तालुक्यातली अशी सर्व मंडळे, दोन्ही दिवसांच्या स्क्रीनशॉटसह, आम्ही आपल्या कार्यालयात नोंद करून दिली आहेत. लेखी उत्तराची वाट पाहत आहोत.

आपले,
तालुक्यातील पावसाच्या नोंदी तपासणारे शेतकरी कार्यकर्ते