निशीथ बाराला नसतो

गिरगाव, मुंबई
8 फेब्रुवारी 2026

चि. गौरीस अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभर जागरण करायचं नाही असं बजावलं आहे. त्यामुळे येत्या रविवारी, 15 तारखेला, महाशिवरात्रीची यामपूजा, रात्रीच्या चारही प्रहरांना करायची ती पूजा, या घरात होणार नाही. ती तू मुलुंडला तुझ्या घरी करीन म्हणालीस तेव्हा मला काय वाटलं ते फोनवर बोलता आलं नाही. देवघरातली पिंड, म्हणजे तो नर्मदेचा बाण, त्याची पितळी शाळुंका आणि वरून थेंब पाडणारी गळती शनिवारी संध्याकाळी घेऊन येतो. आई बरोबर असेलच. तू विचारलंस की चार प्रहर म्हणजे नेमके किती वाजता, आणि निशीथकाळ, म्हणजे रात्रीचा अगदी मधला काळ, बाराला धरायचा ना? तेच नीट लिहून पाठवतो आहे, कारण बाराला धरायचा नाही.

आधी दिवसाचं बघ. आपले बरेचसे सण सूर्योदयाला कोणती तिथी आहे त्यावर ठरतात. शिवरात्रीचं तसं नाही. माघ वद्य चतुर्दशी ज्या रात्री निशीथकाळी असेल ती शिवरात्र. यंदा चतुर्दशी रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास लागते आणि सोमवारी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास संपते. सोमवारी सूर्योदयाला चतुर्दशीच आहे, म्हणून कोणी म्हणेल की सोमवारी उपास करा. पण सोमवारच्या रात्री अमावास्या असेल. मध्यरात्री चतुर्दशी मिळते ती रविवारीच, म्हणून व्रत रविवारी.

आता रात्र. प्रहर म्हणजे घड्याळातले ठरलेले तीन तास नव्हेत. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या रात्रीचे चार सारखे भाग करायचे. मुंबईत त्या दिवशी सूर्य साधारण 6 वाजून 40 मिनिटांनी मावळतो आणि दुसऱ्या दिवशी 7 वाजून 5 मिनिटांनी उगवतो. मधली रात्र 12 तास 25 मिनिटांची. तिचा चौथा भाग 3 तास 6 मिनिटं. म्हणजे पहिला प्रहर 6:40 ला लागतो, दुसरा 9:46 ला, तिसरा 12:52 ला आणि चौथा 3:58 ला. एखाद-दोन मिनिटं इकडेतिकडे होतील, आपल्या पंचांगात बघून घे.

रात्रीचे पंधरा भाग केले तर एकेक मुहूर्त सुमारे 50 मिनिटांचा होतो. त्यातला आठवा, अगदी मधला, तो निशीथ. तो येतो 12:27 पासून 1:17 पर्यंत. तिसरा प्रहर 12:52 ला लागतो, म्हणजे बरोबर निशीथाच्या मध्यावर. हे दरवर्षी असंच असणार, कारण रात्रीचा मध्य दोघांनाही एकच.

मग मुंबईची मध्यरात्र बाराला का होत नाही? आपलं घड्याळ चालतं ते खूप पूर्वेच्या रेखांशावर, अलाहाबादेजवळच्या. मुंबईवर सूर्य तिथल्यापेक्षा 39 मिनिटं उशिरा येतो. माझे आजोबा ‘मुंबई टाइम’ म्हणायचे तो हाच हिशेब. शहरात तो वेगळा वेळ 1955 पर्यंत चालला. त्यात फेब्रुवारीत सूर्य घड्याळाच्या आणखी 13-14 मिनिटं मागे असतो. दोन्ही मिळून 52 मिनिटं झाली. तुझा कोलकात्याचा मित्र त्याच रात्री पूजा करेल तर त्याचा निशीथ आपल्या जवळजवळ तासभर आधी होऊन जाईल. म्हणून दुसऱ्या गावची वेळ मोबाइलवर कोणी पाठवली तर ती घेऊ नकोस.

मी वीस वर्षांचा असताना ही चूक केली आहे. बारा वाजले तशी मी गडबडीने आरती उरकली आणि निशीथ झाला असं समजून खोलीच्या कोपऱ्यात आडवा झालो. पावणेएकला अण्णांनी मला हलवून उठवलं. रागावले नाहीत. “आत्ता लागलंय रे,” एवढंच म्हणाले आणि तुपाची वाटी माझ्या हातात दिली. त्या रात्रीनंतर मी दरवर्षी आधी कागदावर रात्र मांडतो आणि मगच बेल धुतो.

यामपूजेत प्रत्येक प्रहराचं द्रव्य वेगळं. पहिल्या प्रहरी दूध, “ह्रीं ईशानाय नमः”. दुसऱ्या प्रहरी दही, “ह्रीं अघोराय नमः”. तिसऱ्या प्रहरी तूप, “ह्रीं वामदेवाय नमः”. चौथ्या प्रहरी मध, “ह्रीं सद्योजाताय नमः”. फार लागत नाही. दूध एक वाटी, दही अर्धी वाटी, तूप आणि मध दोन-दोन पळ्या. संकल्प पहिल्या प्रहरी एकदाच करायचा. बाकी क्रम चारही वेळा तोच: द्रव्याचा अभिषेक, लगेच शुद्ध पाण्याचा, मग कोरडं पुसून भस्म, पांढरं गंध, अक्षता, बेल, दिवा, नैवेद्य आणि आरती. पिंडीवर हळदकुंकू वाहायचं नाही.

भांडी जपून घे. दूध आणि दही तांब्याच्या भांड्यात ओतू नकोस. दही तर कळकतं. कडेला हिरवट छटा आली, जिभेला तुरट लागलं, की ते गेलं समज. स्टीलच्या किंवा चांदीच्या वाटीत ठेव. तांब्या फक्त पाण्याला. तुपानंतर गार पाणी घातलंस तर ते बाणावरून मोत्यांसारखं घरंगळून जाईल आणि दगड तेलकटच राहील. त्या वेळी कोमट पाणी घे, कढत नको, आणि मऊ फडक्याने पूस. साबण कधीही नाही. तूप-दुधाचं पाणी सिंकमध्येही ओतायचं नाही. बादलीत साठव आणि सकाळी खाली सोसायटीतल्या झाडाच्या मुळाशी घाल.

शाळुंकेची पन्हळ उत्तरेकडे असू दे, आणि तू दक्षिणेच्या बाजूला उत्तरेकडे तोंड करून बस. म्हणजे पाणी तुझ्यापासून दूर वाहील. देवळात आपण सोमसूत्र ओलांडत नाही, अर्धी प्रदक्षिणा घालून मागे फिरतो. घरातही ती पन्हळ ओलांडू नये.

आता जलधारा. मला यामपूजेत सगळ्यांत प्रिय तीच आहे. गळतीच्या भोकात मी दर्भाची नवी काडी बसवली आहे. तीच धार बारीक-मोठी करते. सेकंदाला दोन थेंब पडतील एवढं ठेव. मोजून बघ: साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे तासाला 360 मिलिलिटर, आणि एका प्रहरात लिटरभरापेक्षा थोडं जास्त. रात्रभरात साडेचार लिटर झालं. आपलं ताम्हन त्याला पुरणार नाही, म्हणून खाली मोठी परात ठेव. दुसरी गोष्ट, गळती भरलेली असताना थेंब जोरात पडतात आणि पाणी खाली गेलं की मंदावतात. काडी सैल झाली असं वाटून लोक ती उपटतात, मग सगळं पाणी दहा मिनिटांत वाहून जातं. काडीला हात लावू नकोस, दर अर्ध्या तासाने पाणी भर. थेंब बाणाच्या माथ्यावरच पडतो ना, एवढं वाकून बघ. बाजूला पडला तर त्याचा आवाजच वेगळा येतो, शाळुंकेच्या पितळेवर टिक् टिक्. अण्णा डोळे मिटून बसलेले असत आणि आवाज बदलला की हात पुढे करून गळती सारखी करत.

काही देवळांनी आता फक्त पाण्याचाच अभिषेक ठेवला आहे, कारण रोजच्या दुधा-दह्याने आणि भेसळीच्या गुलाल-भस्माने दगड झिजतो. मला ते पटतं. शंकराने हलाहल पोटात न जाऊ देता कंठात धरलं, तो दाह निववायला पाणीच आहे. दूध मिळालं नाही तरी व्रत होतं. पाण्यावाचून होत नाही.

बेल दादरहून आणू. चतुर्दशीला बेल तोडत नाहीत, म्हणून शनिवारीच घेऊन ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव. तीन पानांचा दळ अखंड हवा. तुळतुळीत बाजू खाली, पिंडीला लागेल अशी, पालथा वाहायचा. एकशे आठ नावांना एकशे आठ बेल, चार वेळा म्हणजे चारशे बत्तीस. तेवढे आणू नकोस. बेल शिळा होत नाही, धुऊन पुन्हा वाहता येतो. कवठ मात्र नैवेद्याला हवंच. पिकलं की नाही ते वीतभर उंचीवरून फरशीवर टाकून कळतं. उसळलं तर कच्चं, धप्पकन पडून राहिलं तर पिकलेलं. गर गुळात कालवून ठेव.

उपास, पूजा आणि जागरण अशी या व्रताची तीन अंगं आहेत. शनिवारी एकच वेळ जेव. रविवारी निर्जळ करू नकोस. उन्हं आता चढू लागली आहेत, आणि उपाशी राहिलं की तुझं डोकं दुखतं हे मला माहीत आहे. पाणी, ताक, दुपारी उकडलेली रताळी पुरे. साबुदाण्याची खिचडी संध्याकाळी खाल्लीस तर दुसऱ्या प्रहरातच डोळे मिटतील.

खरी झोप येते ती चौथ्या प्रहराच्या तोंडावर, साडेतीन-चारला. तेव्हा भिंतीला टेकून बसायचं नाही. उभं राहून मोठ्याने वाचायचं. शिवलीलामृताचा दुसरा अध्याय त्याच वेळेसाठी ठेव. त्यातला व्याध बेलाच्या झाडावर बसलेला असतो. हरणं नीट दिसावीत म्हणून तो डहाळ्या तोडून खाली टाकतो, आणि ती पानं त्याला न दिसणाऱ्या पिंडीवर पडतात. हरणं “परत येतो” म्हणतात, तो त्यांना जाऊ देतो, आणि ती खरंच परत येतात. तू लहान असताना इथपर्यंत आलो की म्हणायचीस, “बाबा, ती का आली परत?” या वेळी कुणाला तरी तू सांग.

सोमवारी सात वाजून गेल्यावर शेवटची आरती, मग स्नान करून पारणं. चतुर्दशी संध्याकाळपर्यंत आहे, पण ताटकळू नकोस, सकाळीच सोड. आईने भात-वरण सांगितलं आहे. समीररावांना सोमवारी ऑफिस असेल तर त्यांना दुसऱ्या प्रहरानंतर झोपू दे, फक्त पावणेएकला उठव.

मी इथे दहाला झोपेन, आईने तसं वचन घेतलं आहे. पण 12:52 ला तूप घालशील तेव्हा फोन कर आणि तसाच बाणाजवळ ठेव. मला थेंब ऐकू येतील.

तुझे,
बाबा