सूचना : सोमवारपासून मेलला सहा आकडी कोड

नमस्कार मंडळी,

सोमवारपासून ऑफिसच्या मेलला पासवर्डनंतर फोनातल्या ॲपवरचा सहा आकडी कोड लागेल. सुरुवात अकाउंट्स आणि खरेदीपासून, कारण पैशाचे मेल तिथंच येतात. शॉप फ्लोअरची पाळी पुढच्या आठवड्यात.

"माझ्या फोनात कंपनीचं ॲप कशाला?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. रास्त आहे. पण हे ॲप नुसता कोड बनवतं. तुमचे फोटो, मेसेज कंपनीला दिसत नाहीत. रेंजही लागत नाही, शिरोलीच्या शेडमध्येही चालतं.

फोनचं घड्याळ मात्र बरोबर हवं. परवा स्टोअरमधल्या एका जुन्या अँड्रॉइडवर कोड सारखा चुकत होता. बघितलं तर घड्याळ चार मिनिटं पुढं! कोड वेळेवरूनच बनतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ केल्यावर लगेच चाललं. सगळ्यांनी आजच तपासा.

बटणाचा फोन असेल किंवा ॲप नकोच असेल, तर यूएसबी की मिळेल. ती कॉम्प्युटरलाच लावून घरी जाऊ नका, डिस्पॅचवाल्यांनो!

फोन बदलायचा असेल तर जुना विकण्याआधी माझ्याकडं या. आणि फोनवर कुणी कोड मागितला तर द्यायचा नाही, मी मागितला तरी.