पुण्याच्या नोकरीबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

समोर बसलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून घरातल्या घरात पत्र लिहितोय. बाबा म्हणाले, "आमचं काय, तू तुझं बघ." तुमचं सोडून माझं वेगळं काय बघायचं?

पगार ३८ हजारांचा ७२ होतोय खरा. पण हिंजवडीकडे भाडं २०, जेवणखाण आणि जाणं-येणं १२, सांगलीच्या फेऱ्यांचे ४ आणि घरी पाठवायचे १० धरले, तर उरतात २६ हजार. इथे घरात १६ देऊन २२ उरतातच. चार हजारांसाठी मी तुम्हाला सोडून जाणार नाही.

मन वळलं ते विम्यामुळे. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली, त्यात साखर. आज त्यांची स्वतंत्र पॉलिसी काढली, तर जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडिलांना ५ लाखांचं कव्हर आहे, तेही जुन्या आजारांसकट पहिल्या दिवसापासून. त्याचा हप्ता वजा करूनच मी ७२ धरलेत. मात्र नोकरी सुटली की हे कव्हरही जातं. म्हणून तुमची वेगळी पॉलिसी आत्ताच काढायची, म्हणजे थांबायची वर्षं मी नोकरीत असतानाच सरतील. तिचा हप्ता भरल्यावर हातात इथल्यापेक्षा कमीच उरेल, ते मला चालेल. फक्त बाबा, फॉर्मवर अँजिओप्लास्टी आणि साखर स्पष्ट लिहायची. लपवलं तर ऐन वेळी क्लेम नाकारतात. तुम्हाला सत्तर पूर्ण झालीत, तेव्हा आधारवर सरकारचं मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्डही निघेल. आपलं मिरजेचं हॉस्पिटल त्या यादीत आहे का, हे मी स्वतः जाऊन विचारतो.

विम्याने सुटत नाही ती नदी. २०१९ला पाणी गल्लीत शिरलं तेव्हा मी घरात होतो, म्हणून तुम्हाला वेळेत हलवता आलं. पुण्याहून यायला पाच तास लागतात, आणि पुरात रस्ता चालू असेलच असं नाही. म्हणून आयर्विन पुलापाशी पाणी ३५ फुटांवर गेलं की दोघांनी विट्याला मावशीकडे निघायचं. इशारा पातळी ४०ची आणि धोक्याची ४५ची आहे हे बाबा मला सांगतील, पण तेवढं चढेपर्यंत दारात रिक्षा येणार नाही. कोयनेचा विसर्ग वाढला की मी फोन करीन. तेव्हा "बघू, उतरेल" हे ऐकणार नाही. औषधं, फाइल आणि घराची कागदपत्रं एका पिशवीत मी जायच्या आधी भरून ठेवतो.

कंपनीला १५ तारखेपर्यंत कळवायचंय. आई, तू अजून काहीच बोलली नाहीस. बाबांच्या छातीत रात्री दुखायला लागलं, तर शेजारच्या काकांना उठवून, रिक्षा काढून मिरज गाठणं तुला जमेल का? बाबांच्या आडून नको, तुझ्या तोंडून हवंय. नाही म्हणालीस, तर मी कंपनीला नकार कळवतो.

तुमचा,
बाळू