मुक्ताच्या दोन पत्रांचा हिशेब

९ मार्च २०२५

ती. बाबांना आणि सौ. आईस,
सा. न.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मुक्ताला पीएचडीसाठी वर्षाला ३६,००० डॉलर देऊ केलेत, फी माफ आहे. दुसरीकडे एमएसला चाळीस लाख आपण भरायचे. मग यात विचार करण्यासारखं काय आहे?" काकांचंही तेच म्हणणं, की फुकट मिळतंय ते घ्यावं. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून कागदावर आकडे मांडतो. आधी माझेच मांडतो, कारण ते मी भोगलेत.

माझ्या इथल्या पीएचडीच्या ऑफर लेटरमध्ये वर्षाला २४,००० डॉलर लिहिले होते आणि मी त्याला बाराने भागून महिन्याला २,००० धरले होते. पत्रात पुढे एक शब्द होता: ‘अकॅडमिक इयर’. म्हणजे नऊ महिने. ऑगस्टच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत पगार, उन्हाळ्यात काही नाही. उन्हाळ्याचे पैसे गाइडच्या संशोधनाच्या ग्रँटमधून मिळाले तर मिळाले. पहिल्या उन्हाळ्यात मला मिळाले नाहीत. ग्रँटचं नूतनीकरण लांबलं होतं आणि हे मला एप्रिलच्या शेवटी कळलं. ते तीन महिने मी विद्यापीठातच तासावर पेपर तपासून काढले. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, आई, रागावू नकोस.

आता २०२४ सालचा हिशेब. उन्हाळ्याचे पैसे धरत नाही, कारण त्यांची हमी नसते. २४,००० मधून केंद्राचा आयकर साधारण ९४० डॉलर गेला. हा इतका कमी का, ते मुक्ताला कळायला हवं. भारत आणि अमेरिकेतल्या करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. २०२४ साठी ते १४,६०० होतं, म्हणून उरलेल्या ९,४०० वरच दहा टक्के कर बसला. आमच्या लॅबमधल्या दुसऱ्या देशाच्या मुलाला ही सवलत नाही. तेवढ्याच पगारावर त्याला २,६०० च्या वर भरावे लागले. परदेशी माणसांचा आयकराचा फॉर्म १०४०-एनआर भरताना हे डिडक्शन स्वतःहून लिहावं लागतं. पहिल्या वर्षी पुष्कळ जण ते विसरतात आणि कर जास्त भरून बसतात.

राज्याचा कर ५६० गेला. मग फी. "फी माफ" म्हणजे ट्यूशन माफ. त्याखेरीज प्रत्येक सेमिस्टरला तंत्रज्ञान, आरोग्य केंद्र, वाहतूक, परदेशी विद्यार्थी अशा नावांनी एक वेगळी यादी येते, ती माझ्या खिशातून जाते. मला वर्षाला १,३०० पडतात. आरोग्य विम्याचा मोठा वाटा विद्यापीठ भरतं, माझा हिस्सा ८००. सगळं मिळून ३,६०० गेले, उरले २०,४००. आता याला बाराने भागा. महिन्याला १,७००.

दोघांत घेतलेल्या घरात माझ्या वाट्याचं भाडं ७५० आहे. वीज-इंटरनेट ९०, किराणा ३२०, फोन २५, औषधं-कपडे-दात-चष्मा असं धरून १५०. बस विद्यार्थी कार्डावर फुकट. म्हणजे १,३३५ खर्च आणि ३६५ शिल्लक. दोन वर्षांत एकदा घरी यायचं तिकीट यातूनच निघतं. दाढ दुखली तेव्हा दोन महिन्यांची शिल्लक एका दुपारी संपली, कारण दातांचा विमा वेगळा असतो आणि मी तो घेतला नव्हता. उपाशी नाही, कर्जात नाही, आणि हातातही फारसं काही नाही, असं हे चाललंय.

आता मुक्ताचे ३६,०००. तुम्ही म्हणालात, "तिला तुझ्या दीडपट मिळतात." तिचं पत्र बारा महिन्यांचं आहे, हे खरंच चांगलं. पण ते शहर समुद्रकिनाऱ्यावरचं आहे. मी त्याच पद्धतीने आकडे लावले: केंद्राचा कर सुमारे २,३४०, राज्याचा १,१०० धरला, फी आणि विमा मिळून १,७००. राहिले ३०,८६०, म्हणजे महिन्याला २,५७० च्या आसपास. तिकडे राहणाऱ्या मित्राला विचारलं, तर वाट्याची खोली १,५०० च्या खाली मिळत नाही म्हणाला. भाडं देऊन तिच्या हातात १,०७० राहतील. भाडं देऊन माझ्या हातात ९५० राहतात. बारा हजारांचा फरक महिन्याला सव्वाशे डॉलरवर आला, आणि तिथला किराणा महाग असल्याने तोही बहुतेक टिकणार नाही.

म्हणून स्टायपेंडचा आकडा एकटा वाचायचा नाही, त्याच्या शेजारी त्या गावातल्या एका खोलीचं भाडं ठेवायचं. एमआयटीचं लिव्हिंग वेज कॅल्क्युलेटर म्हणून एक साधन आहे. त्यात काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, निवडली की एकट्या माणसाचा तिथला साधारण खर्च दिसतो. तो जरा सढळ असतो, विद्यार्थी त्याहून कमीत भागवतात, पण दोन गावं शेजारी ठेवून बघायला तो चांगला.

आता एमएस. तीन सेमिस्टरची फी २७,००० आणि सोळा महिन्यांचा राहण्याचा खर्च १९,०००, एकूण ४६,०००. आजच्या साधारण ८७ च्या दराने चाळीस लाख. बँक हे पैसे तीन हप्त्यांत देईल, पण व्याज पहिला हप्ता सुटल्यापासून सुरू होतं. अभ्यासक्रम आणि नंतरचे सहा महिने परतफेडीचा हप्ता नसतो, व्याज मात्र साचत राहतं. ११ टक्क्यांनी पाहिलं तर परतफेड सुरू होईल तेव्हा चाळीसचे सेहेचाळीस लाख झालेले असतील. दहा वर्षांच्या मुदतीवर त्याचा महिन्याचा हप्ता ६३,००० रुपये येतो.

हा हप्ता डॉलरमध्ये सव्वासातशेच्या आसपास होतो. इथे नोकरी लागली तर तो सहज फिटतो. माझ्या ओळखीच्या दोघांनी चार वर्षांत कर्ज संपवलं, आणि तेवढ्या काळात मी पीएचडी करत ३६५ ची शिल्लक मोजत होतो. हे काकांना जरूर सांगा. ‘फुकट’ पीएचडीची किंमत पगाराच्या रूपाने द्यावी लागते, आणि ती पाच-सहा वर्षं द्यावी लागते.

उलट नोकरी लागली नाही तर? एमएसनंतर कामाचा परवाना एक वर्षाचा, मुक्ताच्या विषयाला आणखी दोन वर्षं वाढतो. पण पहिल्या वर्षात नोकरीशिवाय एकूण ९० दिवसच काढता येतात. ते संपले की परत. परत येऊन भारतातल्या पहिल्या पगारावर ६३,००० चा हप्ता कसा द्यायचा? तो तुमच्या पेन्शनवर येईल, बाबा. मला विचाराल तर दोन पत्रांपैकी एक निवडण्याआधी याच प्रश्नाचं उत्तर घरात बसून द्या. तुम्ही दोघं मिळून वर्षभर हप्ता झेपवू शकत असाल, तर एमएसचा धोका घेण्यासारखा आहे. घर गहाण टाकूनच झेपणार असेल तर नाही.

पण पीएचडी घ्यायची तर ती कर्ज नको म्हणून घेऊ नये. मुक्ता मला शनिवारी म्हणाली, "दादा, मला शोधनिबंध वाचायला कंटाळा येतो, मला वस्तू बनवायला आवडतात." असं असेल तर दुसऱ्या वर्षी क्वालिफाइंग परीक्षा आली की तिची दमछाक होईल. काही जण तिथून एमएसची पदवी घेऊन बाहेर पडतात, त्याला इथे ‘मास्टरिंग आउट’ म्हणतात. त्यात गुन्हा नाही, विद्यापीठाच्या नियमातच ते बसतं. तरी सुरुवातीपासून तेच मनात धरून येणं मला पटत नाही. गाइड दोन वर्षं तुमच्यावर ग्रँटचे पैसे लावतो, आणि नंतर नोकरीसाठी शिफारस त्याच्याकडेच मागायची असते. शिवाय सगळ्याच विभागांत ही वाट मोकळी नसते, आधी विचारावं लागतं.

पाच वर्षांच्या हमीबद्दलही एक सांगतो. पत्रात ‘पाच वर्षं’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘समाधानकारक प्रगती’ आणि ‘निधी उपलब्ध असल्यास’. पैसे शिकवण्याच्या कामाचे असतील तर ते विभाग देतो आणि सहसा टिकतात. एका प्राध्यापकाच्या ग्रँटचे असतील तर ती ग्रँट किती वर्षं उरली आहे हे विचारायला लाजू नये. मी लाजलो, म्हणून तो उन्हाळा.

राहिली तारीख. एमएसवाले २५ मार्चपर्यंत डिपॉझिट मागताहेत म्हणून तुम्ही घाईत आहात. पीएचडीच्या ऑफरला मात्र १५ एप्रिलपर्यंत वेळ आहे. निधी देणाऱ्या ऑफरसाठी इथल्या पुष्कळ विद्यापीठांनी ती तारीख मिळून मान्य केली आहे. स्वखर्चाच्या एमएसला तो संकेत लागू नाही, म्हणून ते आधी पैसे मागू शकतात. मुक्ताने त्यांना मेल करून १५ एप्रिलपर्यंत मुदत मागावी. बऱ्याचदा देतात. नाही दिली तर डिपॉझिट परत मिळतं का ते विचारून मगच भरावं.

आणि तिने काहीही निवडलं तरी येताना तीन हजार डॉलर हाताशी लागतील. पीएचडीवालीलासुद्धा. ऑगस्टमध्ये आलं तरी पहिला पगार मला सप्टेंबरच्या अखेरीस मिळाला, आणि त्याआधी घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, गादी, विम्याचा हिस्सा सगळं द्यावं लागलं. मी तेव्हा रूममेटकडून उसने घेतले होते.

मुक्ताला सांगा, पीएचडीचं पत्र मला जसंच्या तसं पाठव, शेवटच्या पानासकट. पहिलं पान तिने पाठवलंय, पण फीची यादी आणि विम्याचा हिस्सा बहुधा शेवटच्या पानावर असतो, आणि तिच्या फी-विम्याचे मी धरलेले १,७०० अंदाजाचे आहेत.

आई, गुडघ्याचं काय झालं ते लिही.

तुमचा,
दादा