पानी आणि पाणी

गुहागर,
गणपतींनंतरचा रविवार

प्रिय दिगू,

मे महिन्यापासून तुला दोन ओळीही लिहिल्या नाहीत, याची मनाला टोचणी आहे. इकडे सर्व ठीक, आईचे गुडघे तसेच. आज लिहायला बसलो, कारण मुलाने शब्द आपल्या बोलीत म्हटला तर ती वाचनाची चूक नव्हे, यावरून डी.एड.च्या वसतिगृहात तू माझ्याशी रात्रभर भांडलास, त्या भांडणात तू बरोबर होतास, हे मला परवा एका दुसरीतल्या मुलीने दाखवून दिले.

ऑगस्टमध्ये मी दुसरीच्या मुलांची वाचन तपासणी घेतली. प्रत्येकाला एकट्याने बसवून अनोळखी उतारा एक मिनिट मोठ्याने वाचायला द्यायचा, चुकलेल्या शब्दावर आपल्या प्रतीत तिरकी रेघ मारायची, साठाव्या सेकंदाला शेवटच्या शब्दापुढे कंस करायचा आणि वाचलेल्या शब्दांतून चुका वजा करायच्या. ही मुलगी बावन्नाव्या शब्दापर्यंत पोहोचली. मी १४ रेघा मारल्या आणि ३८ लिहिले. निपुण भारतचे दुसरीचे लक्ष्य मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचे असल्यामुळे मी तिला मागच्या गटात बसवले आणि महिनाभर अक्षरे गिरवायला लावली.

परवा दुसऱ्या उताऱ्याच्या वेळी माझे लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेले. बोट शब्दावर होते, पण नजर माझ्या पेन्सिलीवर. ‘पाणी’ शब्द आला की ती थांबायची, पेन्सिल हलते का ते पाहायची आणि मग हलकेच ‘पानी’ म्हणायची. मी त्या रात्री तिचा ऑगस्टचा कागद काढून, तेव्हा मोबाईलवर घेतलेले तिचे वाचन ऐकत एकेक रेघ पुन्हा तपासली. पाच रेघा ‘पाणी’, ‘कोणी’, ‘आणि’ यांतल्या ‘ण’साठी होत्या. तिच्या घरात ‘न’च बोलतात, म्हणजे तिने शब्द ओळखला होता आणि आपल्या बोलीत म्हटला होता, ती चूक धरायचीच नसते. चार ठिकाणी ती आधी चुकली होती आणि तीन सेकंदांच्या आत स्वतःच सुधारली होती. तेही बरोबर धरतात, वर फक्त ‘स्व’ लिहून ठेवायचे. दोनदा तिने शब्द पुन्हा उच्चारला होता, आणि त्यात तिचा वेळ गेलाच होता, मग आणखी वजाबाकी कशासाठी? उरल्या तीन: एक शब्द गाळलेला, एक तीन सेकंद वाट पाहून मी सांगितलेला, आणि ‘विहीर’ऐवजी वाचलेले ‘बाव’. बावन्नातून तीन गेले, ४९ राहिले. दिगू, ती लक्ष्याच्या आत होती.

ती ‘बाव’ मला फार वेळ सोडत नव्हती. छापलेला शब्द वाचला नाही, म्हणून मोजणीत ती चूकच. पण विहिरीला बाव म्हणणाऱ्या मुलीला वाक्य कळले नसते, तर हा शब्द तिच्या तोंडी आला असता का? त्यामुळे आता मी रेघेवर मुलाने म्हटलेला शब्दही लिहितो. नुसत्या रेघेवरून ‘बाव’ आणि ‘विचार’ यांतला फरक महिन्यानंतर कळत नाही.

ऑगस्टच्या त्याच तपासणीत मी ज्याची पाठ थोपटली, त्या मुलाने ६४ शब्दांत एकच चूक केली होती, म्हणजे ६३. वाचून झाल्यावर विचारलेल्या आकलनाच्या पाच प्रश्नांपैकी त्याला एकाचेच उत्तर आले, तिला चारांचे. ‘आजीने दोर वर का ओढला?’ या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेले नव्हते, दोन वाक्ये जोडून काढायचे होते; ते तिने ‘कळशी भरली व्हती’ असे सांगितले आणि तो गप्प राहिला. दोष माझाही होता, कारण मी त्याला ‘भराभर वाच’ म्हटले होते. ‘नीट वाच, नंतर मी विचारणार आहे’ असे म्हणायला हवे होते. आता दोन्ही आकडे मी शेजारी लिहितो आणि त्यांची बेरीज करत नाही. प्रश्नही मूल जिथवर पोहोचले तिथपर्यंतचेच विचारतो. ‘मासा कुठे राहतो?’ हा प्रश्न मात्र खोडला. आपल्याकडचे मूल तो उतारा न वाचताच सांगते.

तिला पुढच्या गटात घेतले आहे, पण ‘ण’पाशी ती अजून अडखळते आणि ते मीच शिकवले. प्रत आता फळीच्या आडोशाला धरतो.

परवाच्या कागदावर तिचे ४४ आले, म्हणून घाबरून उतारे ताडून पाहिले. दुसऱ्यात ‘झाडाखालच्या’, ‘विहिरीजवळून’ असे लांब शब्द बरेच होते आणि आपल्या मोजणीत तो प्रत्येक एकच शब्द. असे दोन उतारे शेजारी ठेवून मूल मागे गेले म्हणणे मला पटत नाही.

तुझी बदली झाली का? वहिनींची परीक्षा कशी गेली? नानांना नमस्कार सांग. आणि तुझ्या दुसरीचा साधारण साठ शब्दांचा, छोट्या शब्दांचा उतारा धोपाव्याच्या फेरी बोटीने येणाऱ्या कोणाहीबरोबर पाठव. माझे दोन्ही उतारे आता मुलांना तोंडपाठ झाले आहेत आणि तिला मला पुन्हा ऐकायचे आहे.

तुझा,
बापू